खून कुणाचा झाला, हे रेकॉर्ड सांगत नाही

'द हू' या ब्रिटिश बँडची 'टॉमी' ही दोन तबकड्यांची रेकॉर्ड मे १९६९ मध्ये आली. तिच्या पहिल्याच बाजूवर '१९२१' नावाचं गाणं आहे, जेमतेम तीन मिनिटांचं. त्या तीन मिनिटांत एक खून होतो. कॅप्टन वॉकर पहिल्या महायुद्धात बेपत्ता झालेला आहे. तो गेला असं धरून त्याच्या बायकोनं दुसऱ्या पुरुषाशी सूत जमवलंय. घरात लहानगा टॉमी आहे. आणि कॅप्टन अचानक दारात उभा राहतो.

पण हे सगळं मी सांगतोय. गाणं यातलं फार थोडं सांगतं. यंदाचं साल चांगलं जाणार, असं एक पुरुष खुशीत म्हणतो. दुसरा त्याला तोडतो. मग एकदम आरडाओरडा, की पोराचं काय करायचं, त्यानं तर सगळं पाहिलंय. पुढच्याच क्षणी पोराला बजावणं सुरू होतं, की तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, जन्मात कुणापाशी बोलायचं नाही. संपलं. कुणी कुणाला मारलं, कशानं मारलं, याबद्दल एक शब्द नाही. कुणी मेलं हेसुद्धा गाण्यात कुठे म्हटलेलं नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं ते मित्रानं भरून दिलेल्या कॅसेटवर. सोबत ना चोपडी, ना गाण्यांचे शब्द. कितीतरी वर्षं मी धरून चाललो होतो की मेला तो बाप. मित्र धरून चालला होता की मेला तो प्रियकर. एकदा बोलता बोलता ते निघालं आणि आम्ही दोघंही चाट पडलो, कारण इतकी वर्षं आपण वेगवेगळ्या गोष्टी ऐकतोय याचा दोघांनाही पत्ता नव्हता. गाणं परत लावलं. ते दोघांच्याही बाजूनं निघालं. पुढे कळलं की रेकॉर्डचा कर्ता पीट टाउनशेंड याच्या मनातली कथा मित्राच्या बाजूची होती, म्हणजे परतलेला नवरा प्रियकराला मारतो. आणि केन रसेलनं १९७५ मध्ये काढलेला सिनेमा माझ्या बाजूचा होता. त्यात प्रियकर नवऱ्याच्या डोक्यात दिवा घालतो.

रॉक ऑपेरा, म्हणजे 'टॉमी'सारखी रॉक गाण्यांतूनच सलग कथा सांगणारी रेकॉर्ड, रंगमंचावर आणणं अवघड का, असं विचारलं की लोक खर्चाचं सांगतात, ढोल-गिटारच्या आवाजाचं सांगतात, दिव्यांचं आणि यंत्रांचं सांगतात. ते खोटं नाही. त्याबद्दल मी पुढे बोलणारच आहे. पण ती दुय्यम अडचण आहे असं माझं मत आहे. मुख्य अडचण या तीन मिनिटांत बसलेली आहे. रेकॉर्डवरची गोष्ट चालते ती न सांगितलेल्या भागाच्या जोरावर. रंगमंचाला न सांगण्याची मुभा नसते. दिवा लागला की कोण पडलाय आणि कोण उभा आहे, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही दिसतं. बहुतेक दिग्दर्शक ही रिकामी जागा म्हणजे लेखकाची ढिलाई समजतात आणि ती भरायला घेतात. गाडी तिथेच घसरते.

आधी रेकॉर्ड गोष्ट सांगते कशी ते पाहू, कारण 'गाण्यांतून सलग कथा' म्हटलं की डोळ्यांसमोर पोवाड्यासारखं काहीतरी येतं, ज्यात घटनेमागून घटना येते आणि गाणारा ती सांगत जातो. 'टॉमी'त तसं क्वचितच होतं. चोवीस तुकडे आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक तुकड्यांत काहीच 'घडत' नाही. कुणीतरी आपली अवस्था गातं, बढाई मारतं किंवा धमकावतं. गोष्ट पुढे सरकते ती परत येणाऱ्या सुरावटींमुळे.

एकच सुरावट धरून चाला. खुनाच्या धक्क्यानं टॉमी बाहेरच्या जगाला आंधळा, बहिरा, मुका होतो. आतला टॉमी मात्र गातो. 'मला पाहा, मला स्पर्श करा, मला बरं करा' अशा अर्थाची चार छोटी आर्जवं, जवळजवळ कुजबुजत. त्यांची चाल आपण सुरुवातीच्या वाद्यवृंदात, म्हणजे नांदीतच ऐकलेली असते, पण तिचा अर्थ तेव्हा कळलेला नसतो. मग नाताळच्या गाण्यात ती शब्दांसकट येते. घरातली माणसं या पोराला देव कसा कळणार, याचा आत्मा कसा तरणार म्हणून हळहळत असतात आणि त्या गलबल्यात हा आवाज उगवतो, जो खोलीत कुणालाच ऐकू जात नाही. पुढे डॉक्टरकडे ती पुन्हा येते. डॉक्टर म्हणतोय की इंद्रियं सगळी शाबूत दिसतात, आणि आत तीच आर्जवं चालू आहेत. शेवटी टॉमी बरा होतो, लाखोंचा गुरू बनतो, शिष्य बंड करून उलटतात, आणि त्या पडझडीनंतर तीच कुजबुज परत येते. तेच शब्द, तीच चाल. पहिल्यांदा ती कोंडलेल्या मुलाची हाक होती. आता ती कुणाची आहे, कुणाला आहे? रेकॉर्ड उत्तर देत नाही, पण ऐकणाऱ्याच्या पोटात मात्र खड्डा पडतो. चार जागी ठेवलेल्या एका सुरावटीनं इथे नायकाचं सगळं आयुष्य सांगून टाकलंय.

दुसरी गंमत गळ्यांची. 'टॉमी'मध्ये आई आहे, बाप आहे, छळ करणारा चुलतभाऊ आहे, विकृत काका आहे, डॉक्टर आहे, पिनबॉल या यंत्रावरच्या खेळात हरलेला खेळाडू आहे. गाणारे मात्र बँडमधलेच दोन-तीन जण. नशा देऊन मुलाला 'बरं' करू पाहणाऱ्या बाईचं गाणं टाउनशेंड स्वतःच्या पुरुषी आवाजात गातो आणि कानाला त्यात काही खटकत नाही. रॉजर डॉल्ट्री टॉमीही गातो, आणि टॉमीकडून हरलेल्या पिनबॉलवाल्याचं गाणंही तोच गातो. श्रोता माणसं ओळखतो ती बोलण्याच्या रोखावरून आणि चालीवरून. त्यामुळे एक आवाज सगळ्यांचा होऊ शकतो, आणि खुनी, साक्षीदार, बळी हे सगळे एकाच डोक्यात राहत असावेत अशी एक अस्वस्थ शंका ऐकताना मागे रेंगाळत राहते. पात्रागणिक वेगळा नट उभा केला की ही शंका संपते. नट चांगला असला तरी संपते.

म्हणूनच मला वाटतं की 'टॉमी'चा सर्वांत खरा प्रयोग बँडनं स्वतःच केला. १९६९ आणि ७० ही दोन वर्षं ते ही कथा घेऊन हिंडले. ७ जून १९७० रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाऊसमध्ये त्यांनी एका दिवसात दोन खेळ केले, म्हणजे जिथे खरी ऑपेरा होते तिथे. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. डॉल्ट्री त्याच्या झालरीच्या जाकिटात, टाउनशेंड पांढऱ्या कामगारी पोशाखात. अभिनय म्हणावा असं काही नाही. चार माणसं आणि ध्वनिवर्धकांची भिंत. गोष्ट कळली का? पुष्कळांना नसेलही कळली. पण कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि कोणतं उघडं ठेवायचं, हे त्या चौघांना ठरवावंच लागलं नाही. रेकॉर्डवर जेवढं उघडं होतं तेवढंच तिथेही उघडं राहिलं.

आता खरं नाटक करायला घेऊ. खुनाच्या गाण्याच्या नावातला आकडाच अडवतो.

रेकॉर्डवर साल १९२१ आहे, म्हणजे पहिलं महायुद्ध संपून थोडा काळ लोटलेला. गाण्यात नुसतं 'एकवीस' येतं आणि ते पुरतं. सिनेमा करताना रसेलनं कथा दुसऱ्या महायुद्धात आणली. कॅप्टन वैमानिक झाला, मुलगा युद्ध संपलं त्या दिवशी जन्मला, आणि बाप परतला ते साल झालं १९५१. त्यासाठी गाण्यातला 'एकवीस' बदलून 'एक्कावन्न' करावा लागला. सिनेमात ते खपून गेलं.

डेस मॅकॅनफ या दिग्दर्शकानं टाउनशेंडला सोबत घेऊन १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ला होया इथे आणि १९९३ मध्ये ब्रॉडवेवर 'टॉमी'चं नाटक केलं. त्यातही दुसरं महायुद्धच होतं, पण कॅप्टन परततो तो १९४५ मध्येच. म्हणजे एकवीसही चालेना आणि एक्कावन्नही. मग त्यांनी शोधलेली युक्ती चांगली आहे, मी तिला दाद देतो. गाण्याचं नाव नुसतं 'एकवीस' झालं आणि तो मिसेस वॉकरचा एकविसावा वाढदिवस ठरला. शब्द जवळपास तसेच राहिले, प्रसंगाला निमित्त मिळालं, प्रियकर घरात का आहे याचं कारणही मिळालं.

पण एक प्रश्न सोडवला की दुसरा उभा राहतो. मुलगा तेव्हा चार वर्षांचा आहे. आई एकवीस. म्हणजे तो झाला तेव्हा ती सतरा, आणि लग्न त्याच्याही आधी. हा हिशेब नाटकगृहात फारसं कुणी मांडत नसेल, पण तो मांडता येतो हीच अडचण आहे. रेकॉर्डवर मिसेस वॉकरला वयच नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

साल ही तशी किरकोळ गोष्ट. खरा घोळ खुनी ठरवण्यात होतो, कारण तिथून पुढची प्रत्येक गाठ वेगळी बसते. नाताळचं गाणं पुन्हा आठवा. सिनेमात बाप मेलाय आणि पोराच्या आत्म्याची काळजी करणारा पुरुष म्हणजे त्याच्या बापाचा खुनी. त्यामुळे ते गाणं ढोंगाचं होतं. पुढे आई आणि हा सावत्र बाप टॉमीच्या प्रसिद्धीवर पैसा करतात आणि शेवटच्या दंगलीत मारले जातात. पाप केलं, फळ मिळालं. कथा नीतिकथा झाली. नाटकात मेलाय तो प्रियकर. कॅप्टनवर खटला चालतो आणि तो निर्दोष सुटतो. म्हणजे बाप आता बराचसा स्वच्छ झाला, त्याची काळजी खरी झाली, आणि शेवटी मुलगा घरी परतू शकेल अशी वाट मोकळी झाली. कथा कुटुंबकथा झाली. आईबापांचं आतलं दुःख कळावं म्हणून टाउनशेंडनं त्या दोघांसाठी एक नवं गाणंही लिहून दिलं. ते कानाला गोड आहे. पण या आईबापांचं आतलं दुःख आपल्याला कळत नव्हतं, यातच मूळ रेकॉर्डची भीती होती.

कारण रेकॉर्डवर काय होतं? ज्या तोंडांनी 'तू काही पाहिलं नाहीस' असं पोराला दटावलं, तीच तोंडं पुढे कळवळून विचारतात की टॉमी, तुला ऐकू येतंय का? रोग ज्यांनी दिला तेच वैद्य शोधत हिंडतात. ते ढोंगी आहेत की प्रेमळ, हे ठरवता येत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि ऐकणाऱ्याला ते सहन करावं लागतं. सिनेमानं त्यातलं ढोंग उचललं, नाटकानं प्रेम उचललं. दोघांनीही अर्धंच उचललं, कारण अख्खं उचलायचं तर खून कुणाचा झाला हे दाखवायचं टाळावं लागलं असतं, आणि ते कसं टाळणार?

शेवटाचंही तेच. रेकॉर्डच्या शेवटी शिष्य उलटल्यावर टॉमी एक भव्य, चढत जाणारं स्तोत्र गातो. तो 'तू' म्हणून कुणाला उद्देशतोय ते कळत नाही. देवाला? निघून गेलेल्या गर्दीला? आरशातल्या स्वतःला? रंगमंचावर नटाला कुठेतरी तोंड करून उभं राहावंच लागतं. ब्रॉडवेवर तो घरच्यांकडे वळतो, त्यांना जवळ करतो, मग प्रेक्षकांकडे. आता 'तू' म्हणजे कोण ते लख्ख कळलं. रॉकवर वाढलेल्या पुष्कळ लोकांना हा घरवापसीचा शेवट पचला नाही. त्यांना वाटलं टाउनशेंड म्हातारा झाला, मवाळ झाला. मला तसं वाटत नाही. मला वाटतं की नटाला तोंड फिरवायला दिशा लागते, आणि दिशा ठरली की अर्थ ठरतो. तिथे तरुण टाउनशेंड असता तरी त्याला काहीतरी एक निवडावंच लागलं असतं.

याच्याच जोडीला वेळेचा प्रश्न येतो, आणि तो शुद्ध कारागिरीचा आहे. 'टॉमी'त एक तुकडा बारा सेकंदांचा आहे. पेपरवाला पोरगा ओरडतो की चमत्कार झाला, टॉमी बरा झाला. बस. आणखी एक-दोन जोडतुकडे अर्ध्या मिनिटाच्याही आतले आहेत. रेकॉर्डवर ते दार उघडून बंद करण्याइतके सहज येतात. रंगमंचावर बारा सेकंदांत काय होतं याचा हिशेब करा. नट विंगेतून येणार, प्रकाशात पोचणार, हा कोण आणि ही जागा कुठली हे प्रेक्षकाला उमगणार, मग शब्द ऐकू येणार, मग नट जाणार आणि पुढचा प्रवेश लागणार. शब्द नीट कानावर पडायच्या आत ते संपलेलं असतं. दुसऱ्या टोकाला त्याच रेकॉर्डवर सुमारे दहा मिनिटांचा एक नुसता वाद्यांचा तुकडा आहे. एकही शब्द नाही. डोळे मिटून ऐकताना तो टॉमीच्या डोक्यातला प्रवास असतो. डोळे उघडे असलेल्या प्रेक्षकासमोर दहा मिनिटं काय करायचं? बँडनं स्वतःच्या कार्यक्रमांतून तो गाळूनच टाकला होता.

बारा सेकंद ताणावे लागतात, दहा मिनिटं कापावी लागतात. नेपथ्य बदलायला वेळ हवा असेल तर वादक दोन किंवा चार मात्रांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहतात, विंगेतून इशारा येईपर्यंत. नाटकवाल्यांना ही युक्ती जुनीच ठाऊक आहे. पण रॉकच्या गाण्यात ताण हा गाण्याच्या लांबीतच भरलेला असतो. दोन कडव्यांच्या मधे चारऐवजी बारा मात्रा आल्या की कान पहिल्यांदा वाट पाहतो आणि मग वाट पाहणं सोडतो. प्रयोग कुठे कोलमडतोय हे ओळखायची माझी खूण हीच आहे. प्रेक्षक गाणाऱ्याकडून नजर काढून सरकणाऱ्या पलंगाकडे बघायला लागले, की समजावं गोष्ट हातातून सुटली.

मॅकॅनफनं एक जागा मात्र फार छान सोडवली. नांदी. रेकॉर्डवर तिथे फक्त पुढच्या सुरावटी येऊन जातात. त्यानं त्या सबंध नांदीवर मूकप्रवेश बसवला. भेट, लग्न, युद्ध, विमानातून एकामागून एक उड्या घेणारे सैनिक, कॅप्टन शत्रूच्या हाती लागणं, सगळं बिनबोलता. ते जमलं, कारण तिथे शब्दच नव्हते आणि म्हणून शब्दांशी भांडायची वेळच आली नाही. चित्रानं सुरांवर मत लादलं नाही. असा प्रवेश पाहिला की वाटतं, हा माणूस सगळंच असं करू शकला असता. पण गाणारे आले की त्यांच्याकडून खुलासे मागितले जातात.

यंत्रांचंही सांगायला हवं, नाहीतर मी फार हवेत बोलतोय असं होईल. याच बँडनं १९७३ मध्ये 'क्वाड्रोफेनिया' ही दुसरी रॉक ऑपेरा काढली. तिच्यात समुद्राच्या लाटा, पाऊस आणि सिंथेसायझरचे थरच्या थर होते. चार माणसांना ते रंगमंचावर वाजवणं अशक्य होतं, म्हणून ते टेपवर भरून सोबत वाजवायचे ठरलं. आता टेप आपल्या गतीनं चालते. ढोल वाजवणारा कीथ मून हा जगातला सर्वांत कमी घड्याळी वाजवणारा माणूस होता. कधी टेपमागे त्याला ओढत न्यावं लागायचं, कधी टेपच उशिरा यायची. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यूकॅसलच्या खेळात ती अशीच चुकली आणि टाउनशेंडचं डोकं फिरलं. त्यानं भर खेळात यंत्रांची मोडतोड केली. त्या दौऱ्यातला दुसरा घोटाळा मला जास्त बोलका वाटतो. गोष्ट लोकांना कळत नाही असं वाटून दोन गाण्यांच्या मधे थांबून ती समजावून सांगणं सुरू झालं. कथा सलग राहावी म्हणून केलेल्या या बोलण्यानंच ती तुकड्या-तुकड्यांची झाली.

आज टेपची जागा कानात वाजणाऱ्या ठोक्यांनी घेतली आहे. वादकांना ते ऐकू येतात, प्रेक्षकांना नाही. दिवे, पडद्यावरची चित्रं, सरकते मंच सगळे त्याच ठोक्यांना बांधलेले. काही चुकत नाही. पण वादकसुद्धा बांधला जातो, आणि ज्या संगीताचा जीव थोडं पुढे धावण्यात, थोडं मागे रेलण्यात आहे ते इस्त्री केल्यासारखं दिसू लागतं. ढोल तर काचेआड किंवा वेगळ्या खोलीत बंद करतात, कारण तो मोकळा सोडला तर शब्द बुडतात. ज्या नाटकात एकही वाक्य बोललं जात नाही तिथे बुडालेली ओळ परत वर यायला दुसरी जागा नसते. आवाज कमी करावा तर रॉक गेलं, वाढवावा तर गोष्ट गेली. शिवाय ब्रॉडवेचा नट आठवड्यातून आठ खेळ करतो. रॉकचा गायक अशा किंकाळ्या आठवड्यातून तीन-चार रात्री मारतो आणि मग गळ्याला विश्रांती देतो. या सगळ्यावर तडजोडी आहेत, त्या रोज होतात, आणि पैसा टाकला की त्या सुधारतातही. म्हणून मी त्यांना दुय्यम म्हणतो.

माझ्या म्हणण्यावर सरळ आक्षेप असा, की ब्रॉडवेची 'टॉमी' दोन वर्षांहून जास्त चालली, दिग्दर्शनापासून प्रकाशयोजनेपर्यंत पाच टोनी पारितोषिकं मिळवून गेली. लोकांना खुलासे हवे होते, त्यांना ते मिळाले, ते खूश झाले. तुमचं दुखणं काय? दुसरा आक्षेप येशूच्या अखेरच्या दिवसांवरच्या 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' या रॉक ऑपेराचा. तीही आधी १९७० मध्ये रेकॉर्ड म्हणूनच आली, पुढच्याच वर्षी ब्रॉडवेवर गेली आणि जगभर अजून होते. मग रॉक ऑपेरा रंगमंचावर आणणं अवघड कसं?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. 'सुपरस्टार'ची गोष्ट प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. जुडास दगा देणार, पायलेट हात धुणार, क्रूस येणार, हे त्याला माहीत असतं. त्यामुळे गाण्याला घटना सांगायचं कामच उरत नाही. ते थेट जुडासच्या डोक्यात शिरतं. न सांगितलेली बाजू तिथेही आहे, पण ती आधीच भरलेली आहे. टॉमी वॉकरला कुणीही घरून घेऊन येत नाही.

पहिल्या आक्षेपावर माझं म्हणणं असं, की ब्रॉडवेची 'टॉमी' हे नाटक म्हणून भक्कम आहे, मी ते नाकारत नाही. फक्त ती त्या रेकॉर्डवर बेतलेली दुसरी कथा आहे. आणि हे अटळ होतं का, तर नव्हतं. दुसरी वाट एका बँडनं आधीच दाखवली होती.

पिंक फ्लॉइडची 'द वॉल' १९७९ च्या शेवटी आली आणि फेब्रुवारी १९८० पासून त्यांनी तिचे खेळ केले, फक्त चार शहरांत. हिचीही कथा अशीच फटींनी भरलेली. पिंक नावाचा रॉक गायक, युद्धात मेलेला बाप, घट्ट धरून ठेवणारी आई, क्रूर मास्तर, तुटलेलं लग्न. यातला एकही प्रसंग त्यांनी नटांकडून करून घेतला नाही. पिंकचं काम करणारा नटच नव्हता. त्यांनी फक्त गाण्यांतली उपमा शब्दशः घेतली. खेळ चालू असताना कामगार पुठ्ठ्याच्या भल्यामोठ्या विटा रचत जायचे आणि पहिला भाग संपेपर्यंत बँड आणि प्रेक्षक यांच्यामध्ये सुमारे चाळीस फूट उंच भिंत पुरी व्हायची. दुसऱ्या भागात बराच वेळ बँड भिंतीमागे. प्रेक्षकांनी तिकीट काढून पाहायला आलेली माणसंच दिसेनाशी. मास्तर, आई, बायको हे जेराल्ड स्कार्फच्या व्यंगचित्रांवरून केलेले प्रचंड बाहुले. ते कुणासारखेही दिसत नव्हते, त्यामुळे ते कुणाचेही होऊ शकत होते.

इथे वेळेचा प्रश्नही आपोआप सुटतो. विटा रचणं हे काम गाणं छोटं असो वा लांब, आपल्या चालीनं चालतं. नेपथ्य बदलायला थांबायचं नसतं, कारण नेपथ्य बदलणं हेच नाटक. खून दाखवायचा की नाही हा पेच येत नाही, कारण दाखवायचं आहे ते एकच. माणूस आत कसा कोंडला जातो. आणि ते दाखवायला माणूस लागत नाही, विटा लागतात.

हे स्वस्तात किंवा सुखात झालं असं मात्र नाही. लॉस एंजलिसच्या पहिल्याच रात्री आतषबाजीनं पडद्याला आग लागली आणि खेळ थांबवावा लागला. खर्च इतका अफाट की खेळ तुडुंब जाऊनही बँड तोट्यात गेला. एकट्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटला पैसे सुटले, कारण त्याला बँडमधून आधीच काढलं होतं आणि तो पगारावर वाजवत होता. चारपेक्षा जास्त शहरांत ते नेताच आलं नाही. पण गोष्ट मोडली नाही. बाप कसा होता, बायको का गेली, पिंक दोषी की बळी, ही सगळी उत्तरं रेकॉर्ड ऐकताना जेवढी मोकळी होती तेवढीच भिंतीसमोरही राहिली.

शेवटी भिंत कोसळायची. मग बँडमधले लोक त्या ढिगाऱ्यापुढे चालत यायचे, हातात क्लॅरिनेट, मँडोलिन, अकॉर्डियन अशी बिनविजेची वाद्यं घेऊन, आणि शेवटचं छोटं गाणं वाजवून निघून जायचे. रेकॉर्डवर त्या गाण्याच्या अगदी शेवटी एक दबका आवाज अर्धवट प्रश्न विचारतो आणि तबकडी संपते. उरलेला अर्धा प्रश्न पहिल्या तबकडीच्या अगदी सुरुवातीला आहे. तो ऐकायचा तर सुई उचलून पुन्हा पहिल्या बाजूवर ठेवावी लागते, आणि ठेवली की सगळी कथा परत सुरू. प्रेक्षागृहात तोवर दिवे लागलेले असतात, लोक उठून दाराकडे निघालेले असतात आणि कामगार दुसऱ्या दिवसासाठी विटा गोळा करत असतात.